स्लॅब, पत्रा आणि उभा ऊस

शिरूर-दौंडकडच्या गावांत फायबरची जोडणी द्यायला येणारा मुलगा घरात शिरला की आधी विचारतो, "काका, डबा कुठं बसवू?" घरचे टीव्हीच्या वरची, दाराजवळची जागा दाखवतात. तार तिथूनच आत आलेली असते आणि प्लगही तिथंच असतो. ड्रिल फिरतं, दोन स्क्रू बसतात आणि पुढची कित्येक वर्षं राउटर त्या जागेवरून हलत नाही. मोबाईलवर त्याची बहुधा दोन नावं दिसतात. एक साधं असतं, दुसऱ्याच्या शेवटी "5G" लागलेलं असतं. सिमकार्डच्या फाइव्ह-जीशी या शेपटाचा काही संबंध नाही. पहिलं नाव २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं, दुसरं ५ गिगाहर्ट्झच्या. वरच्या मजल्यावर अभ्यासाला बसलेल्या मुलीनं यांतलं कोणतं नाव निवडावं, याचं उत्तर तिच्या आणि राउटरच्या मध्ये काय उभं आहे त्यावर ठरतं.

पहिली पट्टी 'लांब जाते' आणि दुसरी 'वेगवान आहे', एवढं सगळे सांगतात. त्यामागची कारणं समजली, तर आपल्या घरात डबा कुठं बसवायचा हे स्वतःलाच ठरवता येतं.

अंतरापासून सुरुवात करू. घरातल्या हवेत या दोन्ही लहरी जवळजवळ सारख्याच सुखानं जातात. पाचची लहर वाटेत जास्त थकते हा समज चुकीचा आहे. फरक पडतो तो पकडणाऱ्या अँटेनाच्या बाजूला. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्झची साधारण ६. मोबाईलमधली अँटेना लहरीच्या लांबीच्या हिशेबानं घडवलेली असते, म्हणून पाचची अँटेना आकारानं निम्मी. पावसात दोन पातेली ठेवली, पाऊस दोघांवर सारखाच पडला, तरी ज्याचं तोंड निम्म्या रुंदीचं त्यात पाणी चौथाईच साठतं. इथंही तसंच होतं. हिशेब नेमका मांडला तर सारख्या ताकदीनं सोडलेली लहर सारख्या अंतरावर पाचच्या अँटेनाला साडेचार पट कमी मिळते. डेसिबलमध्ये हा तोटा साडेसहाचा. डेसिबलचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे: तीन गेले की ताकद निम्मी राहते, दहा गेले की एक दशांश.

साडेसहा डेसिबलचा हा तोटा कायमचा, पण बेताचा आहे. एकाच खोलीत बसलं तर तो जाणवतही नाही. खरा प्रश्न भिंतींचा.

भिंतींबद्दल मात्र एक आश्चर्याची गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं बांधकामाच्या साहित्यातून रेडिओलहरी किती शोषल्या जातात याची सूत्रं एका शिफारशीत दिली आहेत. त्यांनी हिशेब केला, तर कोरड्या विटेच्या नऊ इंची भिंतीत २.४ चे साधारण पाच डेसिबल जातात आणि पाचचे सहा. पृष्ठभागावरून मागं फिरणारा भाग धरला तर दोन्हींत एखादा डेसिबल आणखी वाढतो. म्हणजे साध्या विटेच्या भिंतीपुढं दोन पट्ट्यांत फारसा भेदच नाही. काँक्रीटची गोष्ट निराळी. पाच इंची स्लॅबमध्ये २.४ चे सुमारे आठ डेसिबल जातात, तर पाचचे सुमारे पंधरा. काँक्रीटमध्ये वारंवारता वाढली की शोषण झपाट्यानं वाढतं, विटेत ते जेमतेम वाढतं. ओलीचाही असाच हात आहे, कारण पाणी पाचची लहर २.४ पेक्षा पुष्कळ जास्त पितं. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत, न्हाणीघर, गच्चीवरची भरलेली टाकी, ही सगळी पाचसाठी अवघड ठिकाणं.

पत्र्यापुढं मात्र दोन्ही पट्ट्या सारख्याच हरतात. पत्र्याची शेड, पत्र्याचा गोठा, रोलिंग शटर: धातूच्या सलग पृष्ठभागावरून लहर परत फिरते, आरपार जातच नाही. पलीकडं जे काही पोहोचतं ते फटीतून, दारातून, छपराच्या कडेवरून वळून. जाळीचंही तसंच. जाळीची भोकं लहरीच्या लांबीपेक्षा फार लहान असतील तर लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच. याच पुणे जिल्ह्यात खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या म्हणूनच तारेच्या जाळीच्या बांधता आल्या. तिथल्या सर्वांत आखूड लहरी वीस-एकवीस सेंटिमीटरच्या आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. लहरीला जाळी आरसा वाटते, वारा मात्र आरपार निघून जातो. तुमच्या खिडकीला बसवलेल्या स्टीलच्या मच्छरजाळीची भोकं तर मिलिमीटरभराची. ओसरीवर बसून खिडकीतून वाय-फाय घेणाऱ्या माणसाला ही जाळी लावल्यानंतर रेंज का पडली, ते कळत नाही. नायलॉनच्या जाळीला हा त्रास नाही.

आता एक घर घेऊ. न्हावऱ्याकडं, मांडवगणकडं किंवा दौंड तालुक्यात पाटस-यवतच्या बाजूला गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभी राहिलेली घरं बहुतेक अशीच आहेत: खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या, पाच इंची स्लॅब, बाहेरच्या भिंती नऊ इंची विटेच्या. राउटर हॉलच्या दर्शनी कोपऱ्यात आहे. मुलगी वरच्या मागच्या खोलीत बसते. तिरकं अंतर मोजलं तर १० मीटर भरतं, आणि मध्ये एक स्लॅब व एक भिंत येते.

राउटर दोन्ही पट्ट्यांवर १०० मिलीवॉट, म्हणजे २० डीबीएम सोडतो असं धरू. १० मीटर मोकळ्या अंतराला २.४ चे ६० डेसिबल जातात. भिंतीचे ६ आणि स्लॅबचे ९ मिळवले की एकूण ७५. वीसमधून पंचाहत्तर गेले, मोबाईलवर उणे ५५ दिसायला हवं. पाचसाठी अंतराचे ६७, भिंतीचे ७, स्लॅबचे १६, एकूण ९०, म्हणजे उणे ७०. दोन पट्ट्यांत १५ डेसिबलचं अंतर पडलं. त्यातले साडेसहा लहान अँटेनाचे, सात एकट्या स्लॅबचे आणि विटेच्या वाट्याला उरला जेमतेम एक. दोष द्यायचाच असेल तर तो स्लॅबला द्यायला हवा.

उणे ५५ चांगलं, उणे ७० बेताचं. मग मुलीनं २.४ घ्यावं का? घाई नको. २.४ वर २० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल वापरणारा, दोन अँटेनांचा साधा राउटर जास्तीत जास्त १४४ एमबीपीएसची जोडणी देतो, आणि त्यातला साधारण निम्मा वेग हातात पडतो. म्हणजे सत्तर धरा. पाचवर चॅनेल ८० मेगाहर्ट्झचा असतो, त्यामुळं जवळ बसलं तर जोडणी ८६७ एमबीपीएसची होते. उणे ७० ला ती खाली उतरत उतरत दोनशेच्या आसपास येते, आणि हातात शंभर पडतात. रेंजच्या काड्या कमी दिसत असूनही पाच अजून पुढंच आहे. काड्या पाहून पट्टी निवडणारे इथं फसतात.

आता तीच मुलगी उठून खोलीपलीकडच्या गॅलरीत गेली. आणखी एक नऊ इंची भिंत मध्ये आली. २.४ उणे ६१ वर आलं, त्याचा वेग हललासुद्धा नाही. पाच उणे ७७ वर गेलं. ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर सर्वांत मंद वेगासाठीसुद्धा प्रमाणित मर्यादा उणे ७६ ची आहे. चांगला फोन त्याहून चार-दोन डेसिबल खाली तग धरतो, पण जोडणी साठ-पासष्टवर येते आणि मध्येच तुटते. इथं २.४ पुढं गेलं. एका भिंतीनं निकाल फिरवला, आणि तो फिरला कारण पाच आधीच काठावर उभं होतं. म्हणून माझ्या मते घरात शोधायची गोष्ट म्हणजे हा काठ. तो कुठल्या दारात, कुठल्या पायरीवर येतो, तेवढं कळलं की बाकीचं सरळ आहे.

काठावर आणखी एक गोष्ट घडते. फोनची बॅटरी लहान, म्हणून तो राउटरपेक्षा हळू आवाजात बोलतो. राउटरचं फोनला ऐकू येतं, फोनचं राउटरला येत नाही. व्हिडिओ पाहता येतो, पण व्हिडिओ कॉलवर समोरचा म्हणतो, "आवाज तुटतोय." डाउनलोड बरा आणि अपलोड मेलेला दिसला की हेच समजावं.

चॅनेलची रुंदी हे पाचच्या वेगाचं मूळ आहे, आणि त्याचीही किंमत मोजावी लागते. चौपट रुंद चॅनेलमध्ये गोंगाटही चौपट शिरतो, म्हणजे आणखी सहा डेसिबल गेले. राउटरच्या सेटिंगमध्ये पाचची रुंदी ८० वरून ४० किंवा २० केली, तर कमाल वेग घटतो पण काठ लांब सरकतो. लांबच्या एका खोलीसाठी हा साधा उपाय फार कमी जण करून पाहतात. उलट २.४ ची रुंदी ४० करण्याचा मोह मात्र टाळावा. भारतात ही पट्टी २००५ मध्ये परवानामुक्त झाली, ती २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढीच. त्यात एकमेकांवर न चढणारे २० मेगाहर्ट्झचे तीनच चॅनेल बसतात: १, ६ आणि ११. पाचमध्ये २०१८ च्या अधिसूचनेनं ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले.

२.४ च्या तीन चॅनेलांची टंचाई वाड्या-वस्त्यांवर जाणवत नाही. ती सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावला जाणवते. एमआयडीसीत कामाला आलेल्यांसाठी तिथं खोल्यांच्या रांगा आहेत. भिंतीला भिंत लागलेली आणि जवळपास प्रत्येक दारामागं कुणाचा तरी राउटर. दौंडच्या दाट वस्तीतही तेच. तिथं २.४ च्या लहरी भिंती ओलांडून सगळ्या शेजाऱ्यांच्या घरात जातात, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असल्यामुळं बाकीच्यांना थांबून राहावं लागतं. उणे ४५ ची उत्तम रेंज असूनही संध्याकाळी कामावरून सगळे परतल्यावर वेग दहाच्या खाली येतो, आणि पहाटे तोच वेग साठ असतो. रेंज तीच आणि वेग घड्याळाप्रमाणं बदलतो, हीच गर्दीची खूण. अशा खोलीत पाच लावावं. पाचची लहर भिंतींपलीकडं २.४ पेक्षा दुबळी पोहोचते आणि तिथं चॅनेलही जास्त आहेत, म्हणून शेजाऱ्याचा अडथळा आपल्याला कमी होतो आणि आपला त्याला. एका खोलीच्या घराला एवढी पोच पुरते.

आपला फोन किंवा लॅपटॉप नेमका कुठल्या पट्टीवर आहे हे अंदाजानं ठरवू नये. मोबाईलवर वाय-फायची ताकद डीबीएममध्ये दाखवणारी फुकट अॅप आहेत. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढं टाइप करावं:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात Channel समोर १ ते १३ मधला आकडा असेल तर २.४, आणि ३६ किंवा त्यापुढचा असेल तर पाच. Receive rate आणि Transmit rate म्हणजे त्या क्षणी ठरलेले जोडणीचे वेग. राउटरजवळ एकदा पाहावं, मग जिन्यात, मग वरच्या खोलीत. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर या तपासणीपुरती ती वेगळी करावीत. एक नाव असलं की निवड फोन करतो, आणि पुष्कळ फोन पाचला चिकटून राहतात. हॉलमध्ये पकडलेली पाचची जोडणी वरच्या गॅलरीपर्यंत तुटेतुटेस्तोवर ओढत नेतात.

या मोजणीत बहुतेकांना एक गोष्ट दिसते: जिन्याच्या तोंडाशी पाचचा आकडा अचानक सुधारतो. कारण स्लॅबला तिथं भोक आहे. म्हणून अशा घरात राउटरची चांगली जागा टीव्हीच्या वर नसून जिन्याजवळ असते. फायबरची तार घरात आणखी आठ-दहा मीटर आत न्यायला सांगितलं, तर तेवढ्यानंच वरच्या मजल्याचे दहाएक डेसिबल वाचू शकतात. फ्रिज, लोखंडी कपाट आणि आरसा यांच्या मागं मात्र डबा ठेवू नये. आरशाच्या पाठीलाही धातूचाच थर असतो. जिना बाहेरून असेल, तर वर दुसरा राउटर बसवून दोघांना लॅनच्या तारेनं जोडणं हाच खात्रीचा मार्ग. तार ओढणं शक्य नसेल आणि रिपीटर लावायचा असेल, तर तो रेंज नसलेल्या खोलीत लावून उपयोग नाही. जिथं पाच अजून उणे ६५ च्या आत आहे तिथं तो लावावा.

एका तक्रारीचं कारण भिंतीत सापडत नाही. लाइट गेली, परत आली, साधं नाव लगेच दिसलं, पण "5G" वालं दिसेना. पाचच्या पट्टीतले मधले चॅनेल रडारही वापरतात. ५२ ते १४४ मधला चॅनेल लावलेला असेल तर बरेच राउटर सुरू झाल्यावर किमान एक मिनिट नुसतं ऐकतात, आणि रडार नाही याची खात्री झाल्यावरच बोलायला लागतात. जिथं दिवसातून चार वेळा वीज जाते तिथं हे चार वेळा घडतं. चॅनेल ३६ ते ४८ मधला लावला की ही वाट पाहणं संपतं.

घराबाहेर, रानात, हिशेब पुन्हा बदलतो. बिबट्याच्या भीतीनं शिरूर तालुक्यात गोठ्यावर कॅमेरा लावणं आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. घरापासून ६० मीटरवर गोठा आहे असं धरू. साधे वाय-फाय कॅमेरे बहुतेक फक्त २.४ वर चालतात, आणि जोडणी करताना फोन पाचवर असेल तर त्यांतल्या काहींना राउटर सापडतच नाही. "कॅमेरा खराब निघाला" म्हणून परत केलेल्या कॅमेऱ्यांत असे बरेच असावेत. मोकळ्या रानात ६० मीटरला २.४ चे ७६ डेसिबल जातात. घराची एक भिंत धरली तरी उणे ६२ मिळतात, कॅमेऱ्याला तेवढं पुरेसं आहे. अट एकच: कॅमेरा पत्र्याच्या आत न ठेवता बाहेर, वळचणीखाली, घराकडं तोंड करून लावावा.

मग मध्ये ऊस येतो. खोडवा तुटून गेल्यावर उन्हाळ्यात लावलेला कॅमेरा छान चालतो, आणि दिवाळीच्या सुमारास बंद पडतो. कॅमेऱ्यात काही बिघडलेलं नसतं. तोवर मधला ऊस दहा-बारा फुटांवर गेलेला असतो. उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच. तीस मीटर उभा ऊस म्हणजे लहरीच्या वाटेत पाण्याच्या शेकडो कांड्या आणि हजारो पानं. दोन्ही पट्ट्या त्यात घटतात, पाच जास्त घटते. २.४ काही दिवस रेटून नेते, पाऊस पडून पानं भिजली की तीही सोडून देते.

उसातून जाणं टाळून वरून गेलं तर मात्र पाचच सरस ठरते. दोन ठिकाणांमधली लहर रेषेसारखी बारीक जात नाही, तिला मध्यावर सगळीकडून थोडी मोकळी जागा लागते. ६० मीटरच्या मध्यावर ही जागा २.४ साठी रेषेपासून सुमारे १.४ मीटर, पाचसाठी ०.९ मीटर. लहर आखूड म्हणून तिची वाटही अरुंद. शिवाय तेवढ्याच आकाराच्या तबकडीनं पाचची लहर जास्त घट्ट एकवटता येते. अँटेना लहान म्हणून घरात झालेला तोटा इथं तबकडीनं भरून निघतो. गच्चीच्या कठड्यावर एक आणि गोठ्याजवळ पंधरा-सोळा फुटांच्या पाइपावर एक, अशी पाच गिगाहर्ट्झची दिशादर्शी उपकरणं समोरासमोर लावली, तर बारा फुटी उसाच्या वरून वाट मोकळी राहते. गोठ्यातल्या उपकरणापासून कॅमेऱ्यापर्यंत लॅनची तार घ्यावी, किंवा तिथं २.४ चा छोटा राउटर ठेवावा. ६० मीटर लॅनची तारही चालते, तिची मर्यादा १०० मीटर आहे. पण उघड्या रानातून तांब्याची तार नेली तर वळवाच्या विजांत दोन्ही टोकांची उपकरणं जळण्याचा धोका असतो. तार न्यायचीच असेल तर फायबरची न्यावी.

पाइपाची उंची ठरवताना समोरचा आडसाली ऊस तोडणीला आलेला असेल तेव्हा गच्चीवर उभं राहून पाहावं. लागणीच्या दिवसांत पाहिलं तर सहा फुटांचा पाइपही पुरेसा वाटतो.